रात्री तीनचा दम: बीपी चढलेल्या पल्मनरी एडिमात पहिला तास

कॅज्युअल्टीत दम लागलेला पेशंट येतो, छातीभर क्रेप्स ऐकू येतात आणि कुणीतरी ओरडतं, "सिस्टर, दोन लॅसिक्स काढा." फुफ्फुसात पाणी झालंय, तर ते लघवीवाटे काढून टाकायचं, असा सरळ हिशेब असतो. पण मध्यरात्री अचानक दम लागून, घामाने चिंब होऊन, २००च्या वर बीपी घेऊन येणाऱ्या पेशंटमध्ये हा हिशेब चुकतो. त्याच्या अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, चुकीच्या जागी गेलेलं असतं. हा लेख फक्त याच पेशंटबद्दल आहे आणि कॅज्युअल्टीत ड्युटी करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. इथले डोस मॉनिटर, पंप आणि बाजूला उभा असलेला डॉक्टर गृहीत धरून दिले आहेत.

आधी आत काय घडतं ते पाहू. पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. डावं वेंट्रिकल आधीच जाड आणि ताठ झालेलं असतं. बहुतेक वेळा मागे बऱ्याच वर्षांचं ब्लडप्रेशर असतं. काही कारणाने सिम्पथेटिक यंत्रणा खवळते आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. आवळलेल्या धमन्यांविरुद्ध वेंट्रिकलला रक्त बाहेर ढकलता येत नाही, आणि आवळलेल्या शिरा त्याच वेळी आणखी रक्त छातीकडे लोटतात. फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतला दाब साधारण २५ मिलिमीटरच्या पुढे गेला की द्रव अल्व्हिओलायमध्ये झिरपायला लागतो. मग ऑक्सिजन घसरतो, पेशंट घाबरतो, सिम्पथेटिक यंत्रणा आणखी खवळते आणि वाहिन्या आणखी आवळतात. हे चक्र दहा-पंधरा मिनिटांत माणसाला बसल्या जागी बुडवू शकतं. सुदैवाने वाहिन्या सैल केल्या आणि छातीत बाहेरून दाब दिला की ते तितक्याच वेगाने उलटंही फिरतं.

एक नमुन्याची केस घेऊ. ६२ वर्षांच्या मावशी, पहाटे तीन वाजता मुलगा रिक्षातून घेऊन आला. रात्री व्यवस्थित जेवून झोपल्या होत्या, दोनच्या सुमारास खोकत उठल्या, खिडकीशी जाऊन बसल्या, आणि मग एक वाक्यही पुरं बोलता येईना. बीपी २२०/१२०, नाडी १२८, श्वास मिनिटाला ४०, साध्या हवेवर सॅचुरेशन ७८. कपाळावरून घाम टपकतोय, हात गार. दोन्ही बाजूंना वरपर्यंत क्रेप्स, मध्ये मध्ये शिट्टीसारखा आवाज. पायांवर सूज नाही. मुलगा सांगतो, "बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, चार दिवस झाले. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून काहीतरी आणून खातेय."

बसवा, आणि खरोखर बसवा

वॉर्डबॉय स्ट्रेचर आत आणतो आणि सवयीने पेशंटला आडवं करतो. मावशी उठून बसायला धडपडतात, दोघंतिघं त्यांना धरून ठेवतात. हे पहिल्या सेकंदाला थांबवायचं. ही धडपड म्हणजे वेडेपणा नाही, जीव वाचवायची त्यांची स्वतःची युक्ती आहे. आडवं केलं की पायांतलं रक्त छातीकडे येतं आणि डायाफ्राम वर ढकलला जातो.

कॉटची पाठ जवळपास ९० अंशांत उभी करा. बीपी चांगलं असेल तर पेशंटला कडेला बसवून पाय खाली सोडा. पुढे ट्रॉलीवर उशी ठेवून हात टेकवायला दिले तर आणखी बरं वाटतं. फक्त बाजूला एक माणूस उभा हवा, कारण थकलेला पेशंट कधी पुढे कलंडेल सांगता येत नाही. नुसती पाठ उचलली तर पेशंट हळूहळू खाली घसरतो आणि पाच मिनिटांत पोट दुमडून अर्धा झोपलेला दिसतो. अशा वेळी त्याला धरून वर सरकवा. एक्स-रेसाठी, ईसीजीसाठी, कॅथेटर घालायलाही आडवं करू नका. ईसीजी बसूनही निघतो. आल्यापासून दहा मिनिटांत तो काढलेला असावा, कारण एसटी वर गेलेली दिसली तर पुढचा सगळा मार्ग कॅथलॅबकडे जातो.

ऑक्सिजन सॅचुरेशन ९०च्या खाली असेल तर द्या. मावशींना रिझर्व्हॉयर मास्कवर १५ लिटर सुरू केलं, पण ती मशीन जोडून होईपर्यंतची सोय. ९५ वगैरे असणाऱ्याला उगाच ऑक्सिजन लावू नये, जास्तीचा ऑक्सिजन स्वतःच वाहिन्या आवळतो.

शिट्टीच्या आवाजावर एक शब्द. फुगलेल्या श्वासनलिकांमुळे इथे दम्यासारखा आवाज येतो, आणि मग नेब्युलायझर, डेरिफायलिन, स्टेरॉइड अशी माळ लागते. मिनिटाला १२८ धावणाऱ्या हृदयाला सालब्युटामॉल आणि डेरिफायलिन आणखी पळवतात. ६० वर्षांच्या, बीपी २२० असलेल्या, पूर्वी कधी दमा नसलेल्या बाईला आज पहाटे पहिल्यांदाच दमा झाला, हे मानायला फार मोठा विश्वास लागतो. अल्ट्रासाउंड मशीन हाताशी असेल तर छातीवर प्रोब ठेवा. दोन्ही बाजूंना अनेक जागी वरून खाली उतरणाऱ्या बी-लाइन्स दिसल्या की शंका मिटते. एक्स-रेची वाट पाहत उपचार थांबवायचे नाहीत.

मास्क: मशीन आणण्यापूर्वी माणूस तयार करा

सीपॅप की बायपॅप यावर वाद घालू नका, जे आधी हाताला लागेल ते लावा. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या थ्रीसीपीओ या मोठ्या अभ्यासात दोन्हींत फरक दिसला नाही. मास्कने दम आणि अॅसिडोसिस साध्या ऑक्सिजनपेक्षा लवकर उतरला, सात दिवसांच्या मृत्यूदरात मात्र फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. माझ्या मते म्हणूनच मास्क हा उपचाराचा अर्धाच भाग धरावा, दुसरा अर्धा नायट्रेट.

मास्क काय करतो? बंद पडलेले अल्व्हिओलाय उघडे ठेवतो आणि श्वास ओढण्याचे कष्ट वाचवतो. शिवाय छातीतला दाब वाढवून परत येणारं रक्त कमी करतो आणि डाव्या वेंट्रिकलवरचा भारही हलका करतो. म्हणजे त्याला हृदयाचं औषधच समजा.

लावण्याआधी पाहायचं ते थोडंच आहे. पेशंट शुद्धीवर आहे का, उलट्या होत नाहीत ना, बीपी कोसळलेलं नाही ना, एका बाजूचा श्वास बंद पडून न्यूमोथोरॅक्सची शंका नाही ना. मग पट्ट्या बांधायची घाई करू नका. हवेसाठी तडफडणाऱ्या माणसाच्या तोंडावर झाकण दाबून मागून पट्टे आवळले तर तो ते ओरबाडून काढणारच. मावशींच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर उभं राहून सांगायचं: "मावशी, हा मास्क हवा आत ढकलेल. सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटेल, दोन मिनिटं माझ्याबरोबर राहा. मी इथेच आहे." मास्क हाताने धरायचा, सीपॅप ५ वर सुरू करायचा, चार-सहा श्वास जुळू द्यायचे, मगच पट्ट्या लावायच्या. पट्टी आणि गालाच्या मध्ये दोन बोटं जावीत. थोडी गळती चालते, पण डोळ्यांत हवा जाणारी गळती चालत नाही.

मग दोन-तीन मिनिटांनी वाढवत सीपॅप १० पर्यंत न्या. बायपॅप असेल तर वरचा दाब १०, खालचा ५ पासून सुरू करून गरजेप्रमाणे १५ आणि ८-१० पर्यंत. ऑक्सिजन सुरुवातीला शंभर टक्के, सॅचुरेशन ९४च्या आसपास स्थिरावलं की उतरवत जा.

इथे एक यांत्रिक घोळ नेहमी होतो. एकाच नळीच्या बायपॅप मशीनला हवा बाहेर पडायला छिद्र लागतं, ते मास्कवर तरी हवं किंवा नळीवर तरी. आयसीयूच्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरला मात्र छिद्र नसलेला मास्क लागतो. एकीकडचा मास्क दुसरीकडे लावला तर एक तर मशीन गळतीचा अलार्म देत बोंबलत राहतं, किंवा पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा ओढतो. दुसरा प्रकार आवाज करत नाही, म्हणून तो जास्त घातक. मास्क लावल्यावर छिद्रातून हवा येतेय का ते तळहात धरून पाहा.

नायट्रेट: डोसची भीती

शिरेत सुई जाईपर्यंत हात बांधून बसू नका. सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली मास्क लावण्याआधीच ठेवता येते. तोंडाने श्वास घेऊन जीभ कोरडी पडली असेल तर गोळी तशीच पडून राहते, म्हणून पाण्याचे दोन थेंब टाका.

त्याआधी दोन प्रश्न. सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली आहे का? हा प्रश्न बायकांनाही विचारायचा, कारण ही औषधं फुफ्फुसाच्या बीपीसाठीही देतात. दुसरा प्रश्न ईसीजीला: खालच्या भिंतीचा अटॅक आहे का, आणि त्यात उजवं वेंट्रिकल सापडलंय का? तसं असेल तर नायट्रेटने बीपी धाडकन पडतं. छातीवर अॅओर्टिक स्टेनोसिसचा जोरदार मर्मर असेल तरी हात आखडता घ्या.

आता मुख्य गोष्ट. नायट्रोग्लिसरीन मिनिटाला ५ किंवा १० मायक्रोग्रॅमवर सुरू करून दर दहा मिनिटांनी थोडं थोडं वाढवायची सवय आपल्याकडे पक्की आहे. छातीत दुखणाऱ्या पेशंटसाठी ती ठीक. या पेशंटसाठी तो डोस जवळजवळ पाण्यासारखा आहे. कमी डोसला नायट्रेट मुख्यतः शिरा सैल करतं, आवळलेल्या धमन्या सैल व्हायला मोठा डोस लागतो, आणि इथलं दुखणं धमन्यांचंच आहे. १९९८ साली इस्रायलमधल्या कॉटर आणि सहकाऱ्यांनी दोन गट तुलनेला घेतले होते. एका गटाला दर पाच मिनिटांनी ३ मिलिग्रॅम आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट शिरेतून आणि थोडं फ्युरोसेमाइड, दुसऱ्याला भरपूर फ्युरोसेमाइड आणि थोडं नायट्रेट. व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलेले पेशंट पहिल्या गटात १३ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. अभ्यास लहान होता, तरी दिशा स्पष्ट आहे.

पंपाचं गणित आधीच पाठ असू द्या, तीन वाजता ते सुचत नाही. आपल्याकडची नेहमीची अँप्युल ५ मिलिलिटरची, त्यात २५ मिलिग्रॅम. तरी लेबल वाचा, १ मिलिलिटरच्या अँप्युलही मिळतात. २५ मिलिग्रॅम घेऊन सिरिंज ५० मिलिलिटरपर्यंत भरली की १ मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम होतात. म्हणजे तासाला ६ मिलिलिटर लावले तर मिनिटाला ५० मायक्रोग्रॅम, १२ लावले तर १००, २४ लावले तर २००. आणि २ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅमचा बोलस.

मावशींचं वरचं बीपी १६०च्या बरंच वर होतं, म्हणून १ मिलिग्रॅम दोन मिनिटांत हळू दिलं आणि लगेच पंप मिनिटाला १०० मायक्रोग्रॅमवर, म्हणजे तासाला १२ मिलिलिटरवर लावला. कफ दर दोन-तीन मिनिटांनी फुगत राहील असा सेट केला. पाच मिनिटांनी बीपी १९०, श्वास अजून ३६. पुन्हा १ मिलिग्रॅम. आणखी पाच मिनिटांनी १६८, आणि घाम थांबायला लागला. बोलस पद्धत तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये नसेल तर वरिष्ठांशी आधीच, दिवसाउजेडी बोलून ठेवा. तोवर निदान पंप ५० वर सुरू करून दर तीन-पाच मिनिटांनी वाढवत २०० पर्यंत न्या.

पहिल्या काही तासांत बीपी साधारण चौथ्या हिश्श्याने उतरवायचं असतं. वरचं १४०च्या खाली आलं आणि दम उतरला की पंपाचा वेग निम्मा करा, ११०च्या खाली गेलं तर बंद. औषध दोन-चार मिनिटांत उतरून जातं, त्यामुळे बीपी पडलं तरी पंप थांबवून पाय वर घेतले की बहुधा भागतं. उलट डोस वाढवूनही बीपी हलत नसेल तर आधी नळी पाहा. नायट्रोग्लिसरीन साध्या पीव्हीसी नळीला चिकटतं, आणि औषधाचा बराच भाग पेशंटपर्यंत पोहोचतच नाही. पॉलिएथिलीनची नळी मिळाली तर उत्तम. नाहीतर आकड्यावर विसंबू नका, बीपी पाहून डोस ठरवा.

लॅसिक्सची पाळी

आता लॅसिक्स. आवळलेल्या मूत्रपिंडाला फ्युरोसेमाइड दिलं तरी लघवी यायला अर्धा तास जातो, आणि पेशंटकडे अर्धा तास नसतो. दिल्यादिल्या काही मिनिटं ते वाहिन्या उलट थोड्या आवळूही शकतं. म्हणून मास्क लागला, नायट्रेट सुरू झालं, की मग द्या. पूर्वी कधी न घेणाऱ्याला ४० मिलिग्रॅम शिरेतून पुरतं. रोज गोळी घेणाऱ्याला रोजच्या डोसइतकं ते अडीचपट. पायांवर सूज, मानेची शीर फुगलेली, आठवडाभर वजन वाढलेलं, असा पेशंट असेल तर तिथे पाणी खरंच जास्त आहे आणि लॅसिक्सचा मान वर जातो. मावशींच्या अंगावर सूज नव्हती, त्यांना विसाव्या मिनिटाला ४० दिलं. पहिल्या सहा तासांत ताशी १०० ते १५० मिलिलिटर लघवी अपेक्षित असते. न झाल्यास डोस दुप्पट करा. डायलिसिसवरच्या, लघवीच न होणाऱ्या पेशंटला लॅसिक्सवर लॅसिक्स मारण्यात अर्थ नाही, त्याला मास्क आणि नायट्रेटवर धरून नेफ्रोलॉजिस्टला उठवा.

मॉर्फिन? मी देत नाही. तगमग कमी होते खरी, पण श्वासही मंदावतो, आणि ज्यांना दिलं त्यांना व्हेंटिलेटर जास्त लागल्याचं नोंदींमध्ये दिसलं आहे.

शांत झाल्या, म्हणजे नक्की काय झालं?

अर्ध्या तासाने मावशी शांत होत्या. ही घडी नीट पाहायची, कारण बरा होणारा पेशंटही शांत होतो आणि हरणाराही. बरा होणारा डोळे उघडून तुमच्याकडे पाहतो, हात गरम होतात, मानेचे स्नायू सैल पडतात, मास्कमधूनच "पाणी द्या" म्हणतो. हरणाऱ्याचा श्वास ४० वरून १८ वर येतो, पण छाती हलतच नाही, मान लटकते, हाक मारल्यावर डोळे अर्धेच उघडतात. तो कार्बन डायऑक्साइडने गुंगलेला असतो. मावशींचा श्वास २६, सॅचुरेशन ५० टक्के ऑक्सिजनवर ९५, बीपी १५०. आल्यावरच्या एबीजीत पीएच ७.२१ आणि कार्बन डायऑक्साइड ६० होता, तासाभराने ७.३५ आणि ४२. सुरुवातीचा असा आकडा पाहून नळी टाकायची घाई करायची नसते, तास-अर्ध्या तासात तो कुठे जातो ते महत्त्वाचं.

दिशा उलटी असेल, गुंगी वाढत असेल, तर नळी टाकावी लागते. टाकण्यापूर्वी नायट्रेटचा पंप बंद करा, नॉरअॅड्रेनलिन भरून तयार ठेवा आणि लॅरिंगोस्कोप हातात येईपर्यंत मास्क काढू नका. झोपेचं औषध गेलं की खवळलेली सिम्पथेटिक यंत्रणा एकदम बसते, आणि २०० असलेलं बीपी ७० होतं. नळीनंतर पीप ८-१० ठेवा, नाहीतर फेस वर येतो.

हे सगळं बीपी चढलेल्या पेशंटचं. बीपी ९०च्या खाली, हात गार, तरीही क्रेप्स, असं चित्र म्हणजे कार्डिओजेनिक शॉक. तिथे नायट्रेट नाही, नॉरअॅड्रेनलिन आणि कॅथलॅबचा फोन. आपल्याकडे आणखी एक सापळा म्हणजे गरोदर तरुणी, जिचं र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस तोवर कुणाला कळलेलंच नसतं. तिचा अडसर झडपेत असतो, तिथे धावणारी नाडी आवरणं आणि लॅसिक्स हेच खरं काम, नायट्रेट फारसं उपयोगी नाही.

दीड तासाने मावशींचा मास्क दहा मिनिटं काढून पाहिला, श्वास २२ राहिला, तेव्हा साध्या ऑक्सिजनवर ठेवलं. बीपी १३८, पंप ताशी ६ वर. पंप बंद करण्याआधी तोंडाची बीपीची गोळी द्यायलाच हवी, नाहीतर दोन तासांत सगळं परत उसळतं. मुलाने आणलेल्या पुडीत डायक्लोफेनॅक निघालं. हे दुखणं थांबवतं, पण मीठ-पाणी अडवून बीपी चढवतं. ते बंद केलं. मूत्रपिंडाचा डॉप्लर सांगितला, कारण बीपीमुळे असे झटके पुन्हा पुन्हा येत असतील तर दोन्ही बाजूंच्या रीनल धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते.

आयसीयू तुमच्याकडे नसेल आणि पेशंट पुढे पाठवायचा असेल, तर मास्क लावलेलाच पाठवा आणि ऑक्सिजनचा हिशेब करून पाठवा. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतात. मिनिटाला १५ लिटरने ते कागदावर १०० मिनिटं पुरतं, गळतीत त्याहून कमी. घाटरस्त्याचा दीड तास असेल तर दुसरं भरलेलं सिलिंडर आणि किल्ली गाडीत चढलेली स्वतः पाहा. चिठ्ठीवर पंपाचा वेग मिलिलिटरमध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये लिहा, कारण पुढच्या हॉस्पिटलमध्ये सिरिंज वेगळी भरतात.